उघड्यावरील पाइपमधले पाणी शून्य अंशापर्यंत थंड व्हायला लागणारा वेळ : पाइपच्या भिंतीसह हिशेब

प्रश्न : आमच्या इमारतीबाहेर एक इंची पोलादी पाइप उघड्यावरून गेला आहे. रात्री वापर थांबतो तेव्हा आतले पाणी १० अंश सेल्सिअस असते आणि हवा उणे १० अंशांपर्यंत उतरते. साचलेले पाणी शून्यावर यायला किती वेळ लागेल? हिशेबात पाइपची भिंत धरावी की सोडून द्यावी?

उत्तर :

हवा स्तब्ध असेल तर साधारण ४० मिनिटे आणि ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल तर साधारण १० मिनिटे. भिंत अवश्य धरावी. मात्र बहुतेक लोक ती ज्या कारणासाठी धरतात, त्या कारणासाठी पोलादी पाइपमध्ये तिचा काहीच उपयोग नसतो, आणि ज्या कारणासाठी ती खरोखर मोलाची असते ते कारण हिशेबातून बहुधा गळालेले असते. म्हणून आधी भिंतीच्या या दोन भूमिका वेगळ्या करू.

भिंत उष्णतेच्या वाटेत अडथळा म्हणून उभी असते, आणि त्याच वेळी ती स्वतः उष्णतेचा साठाही असते. पाण्यातली उष्णता हवेत जाण्यासाठी तिला पाण्यातून भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत, तेथून धातूतून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत आणि शेवटी त्या पृष्ठभागावरून हवेत असे तीन टप्पे ओलांडावे लागतात. यांतील मधला टप्पा पोलादात जवळजवळ फुकट असतो. तुमचा पाइप नेहमीच्या जाडीचा, म्हणजे शेड्यूल ४० प्रकारचा आहे असे धरतो. त्याचा बाह्य व्यास ३३.४ मिलिमीटर, भिंत ३.३८ मिलिमीटर आणि आतील व्यास २६.६ मिलिमीटर असतो. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर एक मीटर लांबीच्या पाइपच्या भिंतीचा रोध ०.०००७ केल्विन प्रति वॅट इतका येतो. स्तब्ध हवेत बाह्य पृष्ठभाग ते हवा या टप्प्याचा रोध सुमारे ०.९५ असतो, म्हणजे हजारपटीहून अधिक. तेव्हा ‘भिंत उष्णता अडवते, म्हणून वेळ वाढतो’ हे म्हणणे पोलादापुरते चुकीचे आहे.

साठ्याचे चित्र मात्र अगदी वेगळे दिसते. एक मीटर पाइपमध्ये ०.५६ किलो पाणी मावते आणि ते एक अंशाने थंड होताना सुमारे २,३४० ज्यूल उष्णता सोडते. त्याच एक मीटरमध्ये पोलाद २.५ किलो असते. पोलादाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकी, म्हणजे ४८० ज्यूल प्रति किलो-केल्विन असली, तरी वस्तुमान साडेचारपट असल्यामुळे ते पोलाद अंशामागे १,२०० ज्यूल सोडते. म्हणजे हवेत जायची असलेली एकूण उष्णता अंशामागे ३,५४० ज्यूल होते आणि तिचा एक तृतीयांश भाग पाण्याचा नसून भिंतीचा असतो. पाणी आणि पोलाद जवळजवळ एकाच तापमानाने खाली उतरत असल्यामुळे पोलाद थंड झाल्याशिवाय पाणी थंड होऊ शकत नाही. भिंतीमुळे वेळ वाढतो तो या साठ्यामुळे.

आता वेळेचे सूत्र. न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमानुसार :

```
C = mw·cw + mp·cp
t = [C / (h·A)] · ln[(T0 − Ta) / (Tf − Ta)]
```

यात mw आणि cw म्हणजे एक मीटर लांबीतील पाण्याचे वस्तुमान आणि विशिष्ट उष्माधारकता, mp आणि cp म्हणजे त्याच लांबीतील पाइपच्या भिंतीचे वस्तुमान आणि विशिष्ट उष्माधारकता. A हे पाइपच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, h हा त्या पृष्ठभागावरून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक, T0 हे पाण्याचे आरंभीचे तापमान, Ta हवेचे आणि Tf जिथवर उतरायचे ते, म्हणजे आपल्यासाठी शून्य अंश. क्षेत्रफळ बाहेरच्या व्यासावरून काढायचे असते, आतल्या नव्हे. आतल्या व्यासावरून काढल्यास या पाइपसाठी वेळ सुमारे पाव हिश्शाने जास्त निघतो, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे.

सूत्रातले सारे आकडे तक्त्यांतून मिळतात, एक h सोडून. या एकाच आकड्यावर उत्तर खऱ्या अर्थाने ठरत असल्यामुळे त्याच्याकडे थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल. स्तब्ध हवेत पाइपभोवतीची हवा आधी किंचित तापते आणि मग वर सरकते. या नैसर्गिक अभिसरणाने तुमच्या पाइपसाठी चौरस मीटरमागे प्रत्येक अंशाच्या फरकाला ५.५ ते ६ वॅट उष्णता जाते. त्यात प्रारणाची भर पडते. पाइप रंगवलेला किंवा गंजलेला असेल तर आणखी सुमारे ४ वॅट जातात, पण नव्या, चकचकीत जस्तलेपित पाइपवरून जेमतेम एक वॅट जाते. रंगवलेला पाइप धरून h सुमारे १० येतो. बाहेरचे क्षेत्रफळ मीटरमागे ०.१०५ चौरस मीटर आहे, म्हणून पाइपमधून प्रत्येक अंशाच्या फरकाला १.०५ वॅट बाहेर जातात. ३,५४० ला १.०५ ने भागले की सुमारे ३,३७० सेकंद, म्हणजे सुमारे ५६ मिनिटांचा काल-स्थिरांक मिळतो; हवेशी असलेला फरक मूळच्या साधारण ३७ टक्क्यांवर यायला लागतो तो हा वेळ. तुमच्या उदाहरणात हवेशी असलेला फरक २० अंशांवरून १० अंशांवर यायचा आहे, म्हणजे बरोबर निम्मा व्हायचा आहे. २ चे नैसर्गिक लॉगरिथम ०.६९३ असल्याने वेळ येतो ३९ मिनिटे. हाच हिशेब भिंतीचा साठा वगळून केला, तर उत्तर २६ मिनिटे येते. मधली १३ मिनिटे ही पोलादाने दिलेली आहेत.

सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा पाइपला आडवा लागत असेल, तर h सुमारे ४५ पर्यंत चढतो, काल-स्थिरांक साडेबारा मिनिटांवर येतो आणि शून्यावर पोहोचायला सुमारे ९ मिनिटे पुरतात. भिंत, रंग, व्यास यांपैकी कशानेही उत्तरात इतका फरक पडत नाही. म्हणून ‘पाइप किती वेळ टिकेल’ असे कोणी विचारले की मी आधी तो कोणत्या बाजूला आहे आणि रात्री तिथे वारा कसा असतो ते विचारतो. आडोशाच्या भिंतीमागचा पाइप आणि इमारतीच्या कोपऱ्यावरचा पाइप एकाच थंडीत चौपट फरकाने वागतात.

वाऱ्यातल्या उत्तरात मात्र एक दुरुस्ती करावी लागते, आणि आरंभी मी १० मिनिटे म्हटले ते तिच्यामुळेच. वरचे सूत्र असे गृहीत धरते की पाइपच्या छेदातले सारे पाणी सदैव एकाच तापमानाला असते. स्तब्ध हवेत हे गृहीतक जवळजवळ खरे असते. पाण्यात काहीही हालचाल नाही असे मानले, तरी त्याचा आतला रोध बाहेरच्या रोधाच्या सुमारे ७ टक्केच भरतो आणि उत्तर एक-दोन मिनिटांनी बदलते. वाऱ्यात बाहेरचा रोध ०.९५ वरून ०.२१ पर्यंत घसरतो, पण पाण्याचा आतला रोध ०.०७ असतो तो तेवढाच राहतो, म्हणजे आता तो बाहेरच्या रोधाच्या एक तृतीयांश होतो आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पाणी आणि भिंत यांची दोन वेगळी तापमाने धरून हिशेब केला, तर भिंत सुमारे ८ मिनिटांत शून्यावर पोहोचते आणि पाण्याचे सरासरी तापमान सुमारे ११ मिनिटांत. पाण्यात थोडेफार अभिसरण असतेच, त्यामुळे प्रत्यक्षातले अंतर याहून कमी असते. पण पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते आणि त्याच्या आसपास तापमानातल्या फरकाने घनतेत फारसा फरक पडत नाही, म्हणून नेमक्या शेवटच्या टप्प्यात आतले पाणी जवळजवळ स्थिर होते. बर्फ आधी धरतो तो भिंतीलगत, म्हणून सुरक्षिततेसाठी मर्यादा ठरवायची असेल तर भिंतीची वेळ घ्यावी, सरासरीची नव्हे.

पाइप प्लॅस्टिकचा असता तर काय झाले असते, हे पाहिल्याशिवाय भिंतीचा विषय पूर्ण होत नाही, कारण तिथे दोन्ही भूमिकांची अदलाबदल होते. साधारण याच मापाचा, ३२ मिलिमीटर बाह्य व्यासाचा आणि ३ मिलिमीटर भिंतीचा पॉलिएथिलीनचा पाइप घेऊ. त्याच्या भिंतीचे वस्तुमान मीटरमागे पाव किलोच्या आसपास असते आणि तिचा साठा अंशामागे ५०० ज्यूलच्या थोडा वर जातो, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून कमी. उलट तिची उष्णतावाहकता ०.४ इतकीच असल्यामुळे भिंतीचा रोध ०.०८ होतो, म्हणजे पोलादाच्या शंभरपटीहून अधिक. स्तब्ध हवेत बाहेरच्या टप्प्याचा रोध एकच्या घरात असतो, तिथे ०.०८ ची भर किरकोळ ठरते आणि साठा कमी असल्याचा तोटा वरचढ होतो. वेळ ३९ ऐवजी सुमारे ३४ मिनिटे येतो. वाऱ्यात बाहेरचा रोध ०.२२ असतो, तेव्हा तीच भर मोठी ठरते आणि प्लॅस्टिकचा पाइप ९ मिनिटांच्या किंचित पुढे जातो, म्हणजे पोलादाच्या बरोबरीला येतो किंवा जरासा मागे रेंगाळतो. तेव्हा ‘प्लॅस्टिक उष्णतेचे दुर्वाहक आहे, म्हणून त्यातले पाणी उशिरा गोठते’ हे सरसकट विधान निदान शून्यावर पोहोचण्याच्या वेळेपुरते तरी टिकत नाही. स्तब्ध हवेत जड पोलादी पाइपच जास्त वेळ देतो.

व्यास लहान झाला की वेळ झपाट्याने घटतो, कारण साठा साधारण व्यासाच्या वर्गाप्रमाणे कमी होतो आणि पृष्ठभाग मात्र व्यासाच्या प्रमाणातच. अर्धा इंची पोलादी पाइपमध्ये मीटरमागे पाणी फक्त ०.१९५ किलो आणि पोलाद १.२७ किलो असते. तिथे एकूण साठ्यातला भिंतीचा वाटा ४३ टक्क्यांपर्यंत जातो, आणि तरीही स्तब्ध हवेत वेळ २३-२४ मिनिटेच येतो. भिंत वगळली असती तर तो १३-१४ मिनिटे निघाला असता. तुमच्या एक इंची पाइपला बाहेर कुठे अर्धा इंची शाखा फुटत असेल, तर सगळ्या व्यवस्थेची मर्यादा त्या शाखेवरून ठरवावी.

इमारतीच्या उबेचा आधार बाहेरच्या पाइपला फार दूरवर मिळत नाही. पोलाद उत्तम वाहक असूनही या पाइपच्या लांबीच्या दिशेने आतली ऊब स्तब्ध हवेत सुमारे १२ सेंटिमीटरमध्ये जवळपास एक तृतीयांशावर येते आणि वाऱ्यात ६ सेंटिमीटरमध्येच. इमारतीच्या भिंतीला चिकटून असलेल्या नळाला तिचा फायदा होतो, त्यापलीकडच्या पाइपला होत नाही.

हवेच्या तापमानाचा परिणाम सरळ प्रमाणात नसतो, कारण ते लॉगरिथमच्या आत बसलेले आहे. याच पाइपसाठी, स्तब्ध हवेत, हवा उणे २० असेल तर ३९ ऐवजी २३ मिनिटे लागतात, पण हवा उणे २ असेल तर सुमारे १०१ मिनिटे लागतात. हवा जसजशी शून्याच्या जवळ जाते, तसतसा वेळ अमर्याद वाढत जातो आणि अंदाजातली छोटी चूकही उत्तर पार बदलून टाकते. अशा सौम्य थंडीत निरभ्र आकाशाचा विचार करणे भाग पडते. रात्री निरभ्र आकाशाचे प्रारणीय तापमान हवेपेक्षा १० ते २० अंशांनी कमी असू शकते. पाइपच्या अर्ध्या पृष्ठभागासमोर मोकळे आकाश असेल, तर चौरस मीटरमागे ३० वॅटच्या आसपास जादा उष्णता निघून जाते. स्तब्ध हवेत h १० असताना याचा अर्थ असा की हवा ३ अंशांनी अधिक थंड असल्यासारखा पाइप वागतो. थर्मामीटर हवेचे तापमान अधिक १ किंवा २ अंश दाखवत असूनही उघड्यावरचा पाइप गोठलेला सापडतो, तो यामुळे. वाऱ्यात हाच परिणाम एका अंशाच्या आत राहतो, म्हणून सौम्य थंडीत वारा पाइपच्या बाजूने उभा असतो आणि कडक थंडीत तो त्याच्या विरुद्ध जातो.

शून्यावर पोहोचणे म्हणजे गोठणे नव्हे, हे तुमच्या प्रश्नात नसले तरी उत्तर वापरताना लागेल. बर्फ होण्यासाठी किलोमागे ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्मा बाहेर जावा लागतो, म्हणजे तुमच्या पाइपच्या एक मीटरमधून १८६ किलोज्यूल. शून्य अंशावर असलेला पाइप उणे १० च्या स्तब्ध हवेत साडेदहा वॅट गमावतो, म्हणून सगळे पाणी घट्ट बर्फ व्हायला सुमारे ५ तास लागतात, आणि वरच्याच वाऱ्यात, तयार होत जाणाऱ्या बर्फाच्या थराचा रोध धरून, सव्वा तास. या काळात भिंतीच्या साठ्याला काही काम उरत नाही, कारण तापमान बदलतच नाही.

मात्र या ५ तासांना सवलत समजू नये. साचलेले पाणी बहुधा शून्यावर लगेच गोठत नाही. ते द्रवरूपातच शून्याखाली काही अंश उतरते आणि मग एकाएकी त्यात बर्फाची पातळ पाती छेदभर पसरतात. पाणी आणि पोलाद दोन्ही उणे ४ पर्यंत उतरले असतील, तर त्या क्षणी पाण्याचा साडेसात टक्क्यांच्या आसपास भाग बर्फ होतो. यातही पोलादाचा हात असतो, कारण पाण्याबरोबर थंड झालेली भिंतही अप्रकट उष्मा शोषून घेते. निव्वळ पाण्याचा हिशेब केला तर हा भाग ५ टक्केच येतो. इतका थोडा बर्फसुद्धा जाळीसारखा पसरत असल्यामुळे प्रवाह अडवायला पुरतो. म्हणून प्रवाह चालू ठेवणे हा उद्देश असेल तर शून्याची वेळ हीच मर्यादा मानावी.

या साऱ्या हिशेबात h चा अंदाज हा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि तो तुम्ही थंडीची वाट न पाहता स्वतः मोजू शकता. पाइपच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तापमापक घट्ट चिकटवा आणि फक्त त्या मापकाच्या टोकावर फोमचा लहान तुकडा लावा, नाहीतर तो पाइपचे नव्हे तर पाइप आणि हवा यांच्या मधले काहीतरी तापमान दाखवतो. दुसरा मापक सावलीत हवेत टांगा. संध्याकाळी, ऊन नसताना, पाइपमधून कोमट पाणी काही मिनिटे वाहू द्या, म्हणजे भिंतही त्याच तापमानाला येईल, आणि मग नळ बंद करून दर दोन मिनिटांनी दोन्ही तापमाने नोंदवा. पाइप आणि हवा यांच्यातला फरक निम्मा व्हायला जितका वेळ लागतो, तो ०.६९३ ने भागला की तुमच्या पाइपचा खराखुरा काल-स्थिरांक हाती येतो, ज्यात भिंतीचा साठा, रंग, आधाराचे क्लॅम्प आणि त्या जागेचा वारा हे सारे आपोआप आलेले असते. उबदार हवेत प्रारण थोडे अधिक असते, त्यामुळे स्तब्ध हवेतला मोजलेला वेळ कडक थंडीतल्या वेळेपेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी निघतो, पण ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

नोंदी तपासताना फरकाचे लॉगरिथम वेळेसमोर मांडून पाहावे. ते सरळ रेषेत पडले, तर एकच तापमान धरणारे सूत्र तुमच्या पाइपला लागू आहे. रेषा सुरुवातीला एक-दोन मिनिटे तीव्र उतरून मग सरळ झाली, तर आधी भिंत आणि मागून पाणी थंड होत आहे, म्हणजे वारा आतल्या रोधाची दखल घेण्याइतका जोरात आहे. रेषा मध्येच वर-खाली वळत असेल, तर वारा बदलत राहिला किंवा नळ झिरपून आत नवे पाणी येत राहिले, आणि त्या नोंदींवरून वेळ काढू नये. हेच मापक थंडीतही तसेच ठेवले, तर शून्याखाली उतरत गेलेले तापमान अचानक उसळून शून्याजवळ येते आणि तिथे ठाण मांडते तो क्षण नोंदीत दिसेल. आत बर्फ धरला तो त्याच क्षणी, आणि त्याच्या लगेच आधी नोंदलेले सर्वांत खालचे तापमान तुमच्या पाइपमधले पाणी गोठण्याआधी शून्याखाली किती उतरते हे सांगेल.